कच्च्या सफरचंदानं तोंड खाजतं, मग शिजवलेलं का चालतं?

प्रश्न: "दरवर्षी झाडं फुलायला लागली की मला शिंका, डोळ्यांना खाज, नाक गळणं सुरू होतं. गेली दोन वर्षं कच्चं सफरचंद खाल्लं की पाच मिनिटांत ओठ, जीभ, टाळू खाजतात, कधी कधी कानाच्या आतही. अर्ध्या तासात आपोआप थांबतं. हल्ली कच्च्या गाजरानंही तेच. पण शिजवलेलं सफरचंद, गाजराचं सूप मजेत चालतं. आई म्हणते, सफरचंदावरच्या मेणामुळे होतं. खरं कारण काय? आणि कच्चं खाणं कायमचं सोडायचं का?"

मेणावरचा संशय मी दवाखान्यात इतक्यांदा ऐकला आहे की आधी त्याचंच बघू. तो अगदीच बिनबुडाचा नाही. साल काढली की बऱ्याच जणांची खाज खरोखर कमी होते, त्यामुळे दोष सालीवरच्या कशाला तरी दिला जातो. पण आईंना एवढंच विचारा, की मग गाजराचं काय? शिवाय सफरचंद कितीही घासून धुतलं तरी खाज तेवढीच येते, आणि झाडावरून नुकतं तोडलेलं, मेण न लावलेलं फळही तोंड खाजवतंच. खाज आणणारी गोष्ट फळावर नाही, फळात आहे. ती गरापेक्षा सालीत जास्त असते, एवढंच. म्हणून सोललेलं फळ थोडं सुसह्य वाटतं आणि मेणाला विनाकारण शिक्षा होते.

आता मूळ गोष्ट. तुम्हाला सफरचंदाची ॲलर्जी "झाली" असं म्हणणं तितकंसं बरोबर नाही. तुमच्या शरीराला ॲलर्जी झाली ती परागकणांची, आणि सफरचंद त्यात ओळखीच्या चुकीमुळे सापडलं. कोणत्या झाडाचे पराग तुम्हाला बाधतात हे तुम्ही लिहिलेलं नाही, आणि पुढचं बरंचसं त्यावर अवलंबून आहे. पण झाडं फुलण्याचा मोसम, त्यात सफरचंद आणि गाजर ही जोडी, हे ऐकल्यावर माझा पहिला अंदाज बर्च, म्हणजे आपण ज्याला भूर्ज म्हणतो त्या झाडाचा असतो. किंवा त्याचे जवळचे नातेवाईक, आल्डर आणि हेझल. कारण या झाडांच्या परागांत एक प्रथिन असतं, त्याला ॲलर्जीच्या भाषेत "बेट व्ही १" म्हणतात. नाव विचित्र वाटलं तरी साधं आहे: बर्चचं जुनं शास्त्रीय नाव बेट्युला व्हेरुकोसा, त्यातली पहिली तीन अक्षरं आणि पुढचं एक, आणि त्या झाडात पहिलं सापडलेलं म्हणून १. सफरचंदाचं शास्त्रीय नाव मालुस डोमेस्टिका, म्हणून त्यातलं तसंच प्रथिन "माल डी १". गाजरातलं "डाउ सी १". ही तिन्ही एकाच घराण्यातली. झाडावर बुरशी, जखम किंवा इतर ताण आला की झाड ही प्रथिनं जास्त बनवतं, म्हणजे त्याच्या संरक्षणफळीतली ही मंडळी आहेत. त्यामुळेच ती एकमेकांशी दूरच्या असलेल्या वनस्पतींतही सापडतात.

परागांच्या मोसमात तुमच्या नाकातून, डोळ्यांतून बेट व्ही १ वर्षानुवर्षं आत जात राहिलं. शरीरानं त्याच्याविरुद्ध आयजीई नावाची प्रतिपिंडं बनवली. ही प्रतिपिंडं नाकात, डोळ्यांत आणि तोंडाच्या अस्तरातही मास्ट पेशींवर, म्हणजे खाज आणणारं हिस्टामिन साठवून ठेवणाऱ्या पेशींवर, चिकटून बसतात. पुढे कच्च्या सफरचंदाचा घास चावला की रसाबरोबर माल डी १ बाहेर येतं, प्रतिपिंडांना तो बेट व्ही १च वाटतो, मास्ट पेशी हिस्टामिन सोडते आणि टाळू खाजू लागतो. कानात खाज येण्याचं नवल वाटू देऊ नका. घशाच्या आणि कानाच्या संवेदना नेणाऱ्या मज्जातंतूंचे मार्ग एकमेकांत मिसळलेले असतात, त्यामुळे घशातली खाज मेंदूला कानातली वाटते.

इथवरचं बऱ्याच जणांना माहीत असतं. मला जास्त वेळ घालवायचा आहे तो शिजवण्यावर, कारण "शिजवलं की चालतं" हे वाक्य अर्धंच सांगितलं जातं आणि त्या उरलेल्या अर्ध्यात गोंधळ होतो.

प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांची लांब साखळी. बेट व्ही १ आणि माल डी १ यांची साखळी साधारण १६० कड्यांची. पण ही साखळी सुतासारखी मोकळी पडलेली नसते, तिची ठरावीक घडी घातलेली असते. तुमचं आयजीई साखळीतले एकापुढे एक आलेले मणी ओळखत नाही. ते ओळखतं घडी घातल्यावर तयार झालेला पृष्ठभाग. अशी कल्पना करा की कागदाच्या वेगवेगळ्या कोपऱ्यांत एखाद्या चेहऱ्याचे तुकडे छापले आहेत. कागदाची बरोबर घडी घातली की ते तुकडे शेजारी येतात आणि चेहरा दिसतो. कागद उलगडला की छपाई तशीच राहते, एक ठिपकाही पुसला जात नाही, पण चेहरा नाहीसा होतो. उष्णता नेमकं हेच करते. अंड्याचा पांढरा बलक तापवल्यावर पाण्यासारखा राहत नाही, तसंच सफरचंदातल्या या प्रथिनाचंही होतं. घडी मोडते, उलगडलेल्या साखळ्या एकमेकांना आणि फळातल्या इतर द्रव्यांना चिकटतात, आणि आयजीईला धरायला काही उरत नाही. प्रथिन नष्ट होत नाही, ते ओळखू येईनासं होतं. हा फरक पुढे एका ठिकाणी कामाला येणार आहे, म्हणून मुद्दाम सांगितला.

याच प्रथिनाचा दुसरा कच्चा दुवा म्हणजे पोट. जठरातलं आम्ल आणि प्रथिनं पचवणारं पेप्सिन त्याचे फार चटकन तुकडे करतात. म्हणून प्रकरण तोंडात सुरू होऊन बहुतेकदा तोंडातच संपतं आणि अर्ध्या तासात शांत होतं. मात्र हे संरक्षण "बहुतेकदा" आहे. रिकाम्या पोटी एका दमात मोठा पेलाभर कच्च्या सफरचंद-गाजराचा रस प्यायलात, तर प्रथिनाचा मोठा लोंढा एकदम खाली जातो. तुम्ही ॲसिडिटीच्या, म्हणजे आम्ल कमी करणाऱ्या गोळ्या घेत असाल तर पोटातली ही कात्री बोथट होते. खाऊन लगेच जोराचा व्यायाम, मद्य, काही वेदनाशामक गोळ्या, यांनीही प्रतिक्रिया वाढू शकते. मी माझ्या रुग्णांना सफरचंदाची फोड खाताना अडवत नसेन तरी कच्च्या रसाचा पेला मात्र सरळ बंद करायला सांगतो.

आता एका रुग्णाची गोष्ट सांगतो, कारण शिजवण्यातली मेख तिच्यातच नीट दिसते.

बाई पस्तिशीच्या. लक्षणं तुमच्यासारखीच, फक्त दहा वर्षं जुनी. येताना दोन गोष्टी घेऊन आल्या. एक, दुसरीकडे केलेल्या त्वचाचाचणीचा कागद, ज्यावर सफरचंद आणि गाजर दोन्ही निगेटिव्ह होते. त्यामुळे "तुमच्या मनाचं आहे" असं त्यांना ऐकून घ्यावं लागलं होतं. दुसरी गोष्ट अशी, की गेल्या सहा महिन्यांत शिजवलेल्या गाजरानंही खाज येते म्हणून त्यांनी गाजर, मग इतर भाज्या, एकेक करत सगळंच बंद केलं होतं. त्यांना वाटत होतं की ॲलर्जी "वाढत" चालली आहे.

पहिल्या कागदाचं उत्तर सोपं होतं. बाटलीतल्या तयार अर्कांनी केलेली चाचणी सफरचंद-गाजराच्या बाबतीत फसवी ठरू शकते. ही प्रथिनं इतकी नाजूक आहेत की अर्क बनवताना आणि साठवताना त्यांची घडी मोडते. फळ तोंडात नेल्यावर खाजवतं, बाटलीत मात्र निरुपद्रवी झालेलं असतं. म्हणून आम्ही ताज्या फळात सुई टोचून तीच सुई लगेच हातावर टोचतो. त्याआधी ॲलर्जीच्या गोळ्या काही दिवस थांबवाव्या लागतात, नाहीतर चाचणीला अर्थ राहत नाही.

दुसऱ्या गोष्टीसाठी मी त्यांना एकच प्रश्न विचारला: गाजर शिजवता कसं? बोटाएवढे जाड तुकडे, कढईत मोठ्या आचेवर दोन-तीन मिनिटं परतायचे, बाहेरून खरपूस आणि आतून करकरीत. तसं आवडतं म्हणून. मी त्यांना पुढच्या वेळी तीन गाजरं आणायला सांगितली, एक कच्चं, एक त्यांच्या पद्धतीनं परतलेलं, एक पंधरा मिनिटं उकडलेलं. तिन्हींत सुई टोचून हातावर ओळीनं चाचणी केली, परतलेल्या गाजराची सुई मुद्दाम तुकड्याच्या मध्यात घातली. पंधरा मिनिटांनी बघितलं. हिस्टामिनच्या, म्हणजे तुलनेसाठीच्या टोचणीची गांधी ५ मिलिमीटर, मिठाच्या पाण्याची शून्य. कच्च्या गाजराची ७, परतलेल्याच्या मध्याची ६, उकडलेल्याची शून्य. बाई बराच वेळ हाताकडे बघत बसल्या. ॲलर्जी वाढली नव्हती. त्यांच्या गाजराचा गाभा कधी शिजलाच नव्हता.

पण त्वचेवर शून्य आलं म्हणून मी त्यांना घरी जाऊन खायला सांगितलं नाही. रक्ताच्या चाचणीत दोन गोष्टी बघितल्या. बेट व्ही १ विरुद्धचं आयजीई भरपूर होतं, अपेक्षेप्रमाणे. आणि लिपिड ट्रान्सफर प्रोटीन नावाच्या दुसऱ्या घराण्याविरुद्ध काहीच नव्हतं. हे घराणं का बघितलं ते पुढे सांगतो. मग दवाखान्यातच, औषधं हाताशी ठेवून, उकडलेलं गाजर आधी नखाएवढं, वीस मिनिटांनी चमचाभर, पुन्हा वीस मिनिटांनी अर्धी वाटी. काहीही झालं नाही. तासभर बसवून घरी सोडलं. त्या दिवसापासून त्या गाजर पातळ चकत्या करून, झाकण ठेवून शिजवतात.

यातून तुमच्यासाठी निघतं ते असं. "शिजलं" याचा अर्थ आचेवर ठेवलं असा नाही, मध्यापर्यंत उष्णता पोचली असा आहे. सुरी टोचल्यावर विनाविरोध आरपार जावी, मध्य मऊ आणि वाफाळता असावा. सफरचंदाचा गर पटकन शिजतो, पण अख्खं फळ भाजलं तर बियांच्या भोवतीचा भाग कच्चा राहू शकतो, त्यापेक्षा फोडी करा. मायक्रोवेव्ह चालतो. सफरचंदाच्या फोडी झाकून मिनिटभर ते दोन मिनिटं, मध्ये एकदा ढवळून, सगळ्या फोडी मऊ होईपर्यंत. मायक्रोवेव्ह सगळीकडे सारखा तापवत नाही, म्हणून ढवळायला सांगतो. थंड करून खाल्लं तरी हरकत नाही, मोडलेली घडी गार झाल्यावर फळात पूर्वीसारखी बसत नाही.

गोठवण्याचा उपयोग नाही. बर्फात ठेवलेलं फळ वितळलं की कच्चंच असतं. वाळवण्याचं मात्र कसं वाळवलं त्यावर आहे. भट्टीत भाजून कुरकुरीत केलेले काप बहुतेकांना चालतात, पण गोठवून निर्वातात वाळवलेल्या फळाला उष्णता लागलेलीच नसते आणि त्याचा घास जिभेवर ओला झाला की प्रथिन जसंच्या तसं परत येतं. बाटलीबंद रस पाश्चराइज केलेला असेल तर सहसा त्रास होत नाही, यंत्रातून समोर काढलेला होतो. डबाबंद फळं आणि जॅम यांचं सहसा भांडण नसतं.

आता ते दुसरं घराणं, कारण तुमच्या सगळ्या प्रश्नात सुरक्षिततेच्या दृष्टीनं सर्वांत महत्त्वाचा मुद्दा हाच आहे. सफरचंदात, पीचमध्ये आणि कितीतरी वनस्पतींत लिपिड ट्रान्सफर प्रोटीन असतं. हे लहानसं प्रथिन गंधकाच्या चार पुलांनी जणू टाचून टाकलेलं असतं. उकळलं तरी त्याची घडी सहसा टिकते, पोटातल्या पेप्सिनलाही ते दाद देत नाही. ते अखंड आतड्यापर्यंत जातं, तिथून रक्तात, आणि मग तोंडाची खाज राहते बाजूला, अंगभर गांधी, उलट्या, श्वासाचा त्रास इथपर्यंत मजल जाऊ शकते. सफरचंदात ते प्रामुख्यानं सालीत असतं. माझ्याकडे एक तरुण आला होता, त्याला परागांचा त्रास जवळजवळ नव्हता, पण सालीसकट शिजवलेलं सफरचंद खाऊन धावायला गेल्यावर अंगावर गांधी आल्या. त्याच्या तोंडाला काहीच झालं नव्हतं. त्याच्या बाबतीत "शिजवून खा" हा सल्ला धोक्याचा ठरला असता.

म्हणून तुमच्या प्रश्नातलं मला सर्वांत दिलासा देणारं वाक्य "शिजवलेलं मजेत चालतं" हे आहे. ती एका अर्थानं तुमची फुकटातली चाचणीच आहे. कच्च्यानं खाज, नीट शिजवलेल्यानं काहीच नाही, वर परागांचा त्रास: हे चित्र नाजूक घराण्याकडे बोट दाखवतं. उलट, मध्यापर्यंत शिजवलेल्या फळानंही त्रास झाला, किंवा कच्चं खाल्ल्यावर तोंडाबाहेर काही झालं, म्हणजे आवाज बसला, गिळता येईना, दम लागला, अंगावर गांधी उठल्या, उलट्या झाल्या, चक्कर आली, तर हे या पत्रातलं प्रकरण नाही. अशा वेळी गोळी घेऊन वाट बघत बसू नका, तातडीची मदत बोलवा. तिथे लागतं ते ॲड्रेनालिन, आणि नंतर तज्ज्ञाकडे पूर्ण तपासणी. तोंडाची खाज असलेल्या लोकांत असं होण्याचं प्रमाण कमी आहे, पण शून्य नाही.

शिजवण्याच्या नियमालाही अपवाद आहेत आणि ते खाद्यपदार्थावर अवलंबून आहेत. सेलरी नावाची भाजी शिजवल्यावरही काही बर्च-ॲलर्जीच्या रुग्णांना बाधते. हेझलनट भाजल्यावर सौम्य होतात, पण सगळ्यांसाठी नाही: २००३ मध्ये छापून आलेल्या एका अभ्यासात १४० अंशांवर ४० मिनिटं भाजलेले हेझलनट बर्च-ॲलर्जी असलेल्या १७ जणांना दिले, त्यातल्या ५ जणांना तरीही त्रास झाला. काजू, बदाम, शेंगदाणे यांच्यात तर याशिवाय मुळातच टणक असलेली साठवणीची प्रथिनं असतात, जी परागांशी नातं नसताना गंभीर ॲलर्जी करतात. म्हणून तोंड खाजवणारी गोष्ट सुकामेवा किंवा शेंगदाणा असेल, तर घरच्या घरी "भाजून बघू" हा प्रयोग करू नका. आणि सोया. सोयाबीनमध्ये बेट व्ही १ चा नातेवाईक आहे. फारशी प्रक्रिया न झालेली सोया पावडर पाण्यात ढवळून, किंवा सोया पेय, पेलाभर घटाघट प्यायल्यावर बर्चच्या ॲलर्जीवाल्यांना मोठ्या प्रतिक्रिया झाल्याची उदाहरणं आहेत. परागांच्या मोसमात तर जास्त जपा.

मघाशी म्हटलं होतं की प्रथिन नष्ट होत नाही, फक्त ओळखू येत नाही. त्याचा संबंध इथे येतो. आयजीई घडी ओळखतं, पण प्रतिकारशक्तीतल्या टी पेशी साखळीचे सुटे तुकडे ओळखतात, आणि ते तुकडे शिजवूनही शाबूत राहतात. छापलेल्या कागदातले ठिपके पुसले गेले नव्हते, ते आठवा. व्हिएन्नातल्या संशोधकांनी २००६ मध्ये हे दाखवलं: शिजवल्यावर तोंडाची खाज गेली, तरी टी पेशी जाग्या होत राहिल्या, आणि ज्यांना आधीपासून एक्झिमा होता त्यांच्यातल्या काहींचा एक्झिमा शिजवलेलं खाल्ल्यावर एका दिवसानंतर वाढला. तुम्ही एक्झिमाचा उल्लेख केलेला नाही, त्यामुळे बहुधा तुम्हाला याच्याशी देणंघेणं नाही. पण असेल, आणि तो कारण सापडत नसताना भडकत असेल, तर दोन-तीन आठवडे शिजवलेलं सफरचंद, गाजरही थांबवून बघा आणि पुन्हा सुरू करून बघा. तात्काळ प्रतिक्रियांच्या चाचण्यांत हे सापडणार नाही. आणि लहान मुलाच्या आहारातून असं काही मनानं काढू नका, तिथे डॉक्टरांशी बोलूनच.

राहिला प्रश्न कायमचं सोडण्याचा. खाज फक्त तोंडात, सौम्य आणि थोड्या वेळात थांबणारी असेल तर हा निर्णय तुमच्या त्रासाचा आहे, धोक्याचा फारसा नाही. काही जण खाज सहन करून खातात, काहींना तो प्रकार नको वाटतो. दोन्ही चालेल. मी स्वतः एवढंच सांगतो की परागांच्या मोसमात कच्चं टाळा, कारण त्या महिन्यांत मास्ट पेशी आधीच भरलेल्या बंदुकीसारख्या असतात आणि हिवाळ्यात निमूट खाल्लेलं सफरचंद वसंतात त्रास देतं. मोसमाबाहेर सोलून, लहान फोड, भरल्या पोटी खाऊन बघा. जातीनं फरक पडतो, आणि तो बराच असतो: गोल्डन डिलिशियसमध्ये माल डी १ जास्त असतं, सँटाना नावाच्या जातीत इतकं कमी की नेदरलँड्समध्ये ती खास याच रुग्णांसाठी तपासली गेली. साठवणीतही हे प्रथिन वाढतं, म्हणून एकाच झाडाचं ताजं सफरचंद चालतं आणि चार महिने शीतगृहात राहिलेलं चालत नाही, हे कोडं नाही. सफरचंद किसून अर्धा तास तपकिरी होऊ दिलं तर काहींना सौम्य वाटतं, कारण त्या तपकिरी होण्याच्या क्रियेत प्रथिनाला आच्छादन मिळतं. माझा त्यावर भरवसा नाही, कमी-जास्त होतं.

हिस्टामिनरोधक गोळी खाज कमी करते, पण ती आधी घेऊन मग कच्चं फळ खाण्याची सवय मला पसंत नाही. ती तोंडातल्या खाजेची पहिली सूचना बंद करते आणि मोठी प्रतिक्रिया थांबवू शकत नाही. परागांच्या ॲलर्जीवर दीर्घकाळ चालणारी प्रतिकारशक्तीची उपचारमालिका, म्हणजे इंजेक्शन किंवा जिभेखालचे थेंब, हवं असेल तर नाकाडोळ्यांसाठी घ्या. त्यानं सफरचंदाचा त्रास काहींचा कमी होतो, काहींचा होत नाही, म्हणून निव्वळ सफरचंदासाठी मी ती सुचवत नाही.

आणि एक गोष्ट, जी रुग्णांना सांगितल्यावर ते हसतात. गाजर किंवा बटाटा सोलताना तुम्हाला शिंका येतात का, बोटांना खाज सुटते का? तोच प्रकार आहे, रसाचे थेंब हवेत उडतात आणि त्वचेवर लागतात. हातमोजे घाला किंवा वाहत्या पाण्याखाली सोला, इतकंच.

तज्ज्ञाकडे जाल तेव्हा ज्यानं खाज येते तेच सफरचंद आणि तेच गाजर, त्याच जातीचं, सालीसकट, पिशवीत घालून घेऊन जा. आणि सोबत घरी शिजवता तसंच शिजवलेलं एक, डब्यात.